वार लावलेले गाव

पुण्यात एक वाक्य कोणीही सहज बोलून जातो: ‘रविवारी बुधवारात गर्दी असते, त्यापेक्षा सोमवारी शुक्रवारात भेटू.’ ऐकणारा पुणेकर असेल तर त्याला यात काही वावगे वाटत नाही. तो फक्त ‘शुक्रवारात कुठे?’ एवढेच विचारतो. बाहेरचा माणूस मात्र एकदा घड्याळाकडे, एकदा बोलणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहतो. पेठ हा शब्द गाळून नुसत्या वारावर राहण्याची ही सवय इतकी जुनी आहे की ‘आमचे आजोळ शनवारातले’ असे सांगणाऱ्याला आपण आजोळ आठवड्यात ठेवले आहे, हे जाणवतसुद्धा नाही.

सातही वारांच्या पेठा एकाच गावात असल्या म्हणजे त्या ओळीने असतील, असे कोणालाही वाटेल. तसे काही नाही. शनिवार पेठेतून सूर्याकडे तोंड करून सकाळी चालू लागलात तर पुढे रविवार लागत नाही, बुधवार लागतो. बुधवार ओलांडला की रविवार. तिथून ईशान्येला वळून नागझरीपलीकडे गेलात की सोमवार आणि त्याच्या शेजारी मंगळवार. एवढ्या टापूत पंचांग नीट चालते आणि आपण खूश होतो. पण मग गुरुवार शोधायला लागलो की पुन्हा मागे, दक्षिणेला, शुक्रवाराच्या शेजारी यावे लागते. आठवडा कोणीतरी हातातून खाली पाडला आणि जसा पडला तसाच राहू दिला, असा हा नकाशा आहे. कारण सरळ आहे. या पेठा एका माणसाने एका बैठकीत आखलेल्या नाहीत. कसबा सगळ्यांत जुना. त्याच्या आजूबाजूला कधी आदिलशाही-निजामशाहीच्या, कधी मोगलांच्या, कधी पेशव्यांच्या काळात एकेक वस्ती उठत गेली. वार नंतर लागले.

वार का लागले, याचे शाळेपासून ऐकलेले उत्तर म्हणजे त्या-त्या वारी तिथे बाजार भरे. उत्तर सोपे आहे आणि महाराष्ट्रात आठवड्याचा बाजार ही इतकी ओळखीची गोष्ट आहे की पटतेही. नागपुरात इतवारी, बुधवारी, शनिवारी ही नावे उच्चारली की बाजाराचाच गलका कानात येतो. तिथे तर वाराला ‘ई’ लावून त्याचा सरळ बाजारच करून टाकला आहे. खेडोपाडी आजही माणसे दिवस विसरतात, बाजाराचा वार विसरत नाहीत. पण पुण्याच्या बाबतीत या उत्तराने माझे पूर्ण समाधान होत नाही. एका गावाला सात वारांचे सात बाजार लागतात आणि ते बरोबर सात वस्त्यांत भरतात, एकही वार दोनदा येत नाही, एकही सुटत नाही, ही फारच सोयीची गोष्ट झाली. एक-दोन पेठांची नावे बाजारावरून पडली असतील आणि उरलेले वार नंतर कोणीतरी गाळलेल्या जागा भराव्यात तसे भरले असतील, असे मला वाटते. सात खण असले की माणसाचा हात रिकाम्या खणाकडे आपोआप जातो.

आणि बाजाराचा वार बदलतो. पेठेचा बदलत नाही. पुण्याचा प्रसिद्ध जुना बाजार, जिथे गंजलेल्या कुलपापासून ग्रामोफोनच्या कर्ण्यापर्यंत काहीही मिळते, तो मंगळवार पेठेत आहे. भरतो बुधवारी आणि रविवारी. पेठेच्या नावावर विश्वास ठेवून जो मंगळवारी पोहोचला, त्याला मोकळा रस्ता आणि रहदारी बघायला मिळाली.

वारांच्या आधी या वस्त्यांना नावे नव्हती असे नाही. चांगली भारदस्त नावे होती. सोमवार पेठ म्हणजे शहापुरा, मंगळवार म्हणजे अष्टापुरा, रविवार म्हणजे मलकापूर, शुक्रवार म्हणजे विसापूर, शनिवार म्हणजे मुर्तजाबाद. बुधवाराची हकिकत तर शोकाची आहे. १७०३ मध्ये औरंगजेब पुण्यात मुक्कामाला असताना त्याचा नातू मुही-उल-मिलन इथे वारला. पातशहाने नातवाच्या आठवणीसाठी मुहियाबाद हे नाव दिले. अर्ध्या हिंदुस्थानच्या मालकाने, तोही आजोबा म्हणून, दिलेले हे नाव. आज पुस्तकांची, विजेच्या सामानाची आणि आणखी कशाकशाची खरेदी करायला बुधवारात येणाऱ्या हजारो माणसांत मुहियाबाद ऐकलेला माणूस शोधावा लागेल.

पेशवाईत ही नावे मागे पडली आणि वार रूढ झाले. यात राज्य बदलल्याची खूण आहे, हे उघड आहे. पण गंमत पुढे आहे. पातशाही नाव पुसायचे तर त्याच्या जागी स्वतःच्या घराण्याचे किंवा देवाचे नाव ठोकता आले असते, आणि पेशव्यांनी नव्या पेठांच्या बाबतीत ते केलेच. जुन्या पेठांवर मात्र वार बसले. वाराला ना जात, ना धर्म, ना घराणे. सोमवार कोणाच्याच मालकीचा नसतो. त्यामुळे त्याला हटवण्याचेही कोणाला कारण पडत नाही. पेशवे गेले, कंपनी आली, राणीचे राज्य आले, गेले, नगरपालिकेची महानगरपालिका झाली. बुधवार पेठेचे नाव बदला असे म्हणत कोणी मोर्चा काढला नाही. म्हणणार काय? गुरुवार करा?

वाराला टक्कर दिली ती फक्त एकाने, आणि तो साधासुधा नव्हता. गुरुवार पेठेत वेताळाचे देऊळ आहे आणि एकेकाळी लोक त्या वस्तीला सर्रास वेताळ पेठ म्हणत. जोतिराव फुल्यांच्या शाळांच्या हकिकतीत वेताळ पेठेतल्या शाळेचा उल्लेख येतो, तो हाच भाग. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वेताळ गुरूच्या मानगुटीवर बसलेला होता. पुढे गुरूने त्याला कसे उतरवले, हे सांगणारा कोणी विक्रम मला भेटलेला नाही. पत्ता सांगताना ‘आम्ही वेताळात राहतो’ म्हणण्यापेक्षा ‘गुरुवारात राहतो’ म्हणणे मुलीच्या लग्नाच्या बोलण्यात बरे पडत असावे, एवढाच माझा अंदाज.

आता शनिवाराकडे यायला हवे, कारण तिथे एक वाद आहे. शनिवारवाड्याला नाव पेठेवरून मिळाले की शनिवारी पायाभरणी झाली म्हणून मिळाले? पहिल्या बाजीरावाने वाड्याचा पाया घातला तो १० जानेवारी १७३० रोजी, आणि वास्तुशांत झाली २२ जानेवारी १७३२ रोजी. दोन्ही दिवस शनिवार, असे सगळी पुस्तके सांगतात. शनी म्हटले की आपल्याकडे माणूस तेलाची वाटी शोधतो, मग पेशव्याने एवढ्या मोठ्या वास्तूसाठी दोन्ही वेळा शनिवारच का धरला असेल? जाणकार सांगतात की शनी मंदगती ग्रह. त्याच्या वाराला मंदवार, स्थिरवार अशीही नावे आहेत. जे बांधायचे ते स्थिर राहावे म्हणून हा वार वाईट नाही. वाडा किती स्थिर राहिला ते १८२८च्या आगीनंतर उरलेला दिल्ली दरवाजा आणि तटबंदी पाहून ज्याने-त्याने ठरवावे.

पण एखादा चिकित्सक वाचक (पुण्यात या जातीचे वाचक दर पेठेत सापडतात) फोनमधले कॅलेंडर मागे सरकवत सरकवत १७३०पर्यंत नेईल आणि १० जानेवारीवर बोट ठेवील. तिथे दिसेल मंगळवार. मग तो २२ जानेवारी १७३२ काढील. तिथेही मंगळवार! वर्तमानपत्राच्या संपादकांना पत्र लिहायला एवढा ऐवज पुरेसा आहे: सगळे इतिहासकार चुकले, हा मुळात मंगळवारवाडा.

पत्र टाकण्याआधी जरा थांबावे. पेशव्यांच्या कारकुनाने ‘१० जानेवारी’ असे काही लिहिलेले नव्हते. त्याच्या लेखी तो दिवस शके १६५१, माघ शुद्ध तृतीया. इंग्रजी तारीख नंतर काढलेली आहे, आणि ती काढताना त्या काळी इंग्रज जे जुने जुलियन कॅलेंडर वापरत ते धरलेले आहे. युरोपातल्या बऱ्याच देशांनी नवे ग्रेगोरियन कॅलेंडर कधीच स्वीकारले होते. इंग्रज मात्र पोपने केलेली सुधारणा म्हणून पावणेदोनशे वर्षे अडून बसले. १७५२च्या सप्टेंबरात ते अखेर वळले, तेव्हा २ तारखेला रात्री झोपलेला इंग्रज सकाळी उठला तो १४ तारखेला. मधले अकरा दिवस गाळले गेले. वार मात्र गाळला नाही. बुधवारनंतर गुरुवारच आला. म्हणून १७३०ची जुनी १० जानेवारी ही आजच्या हिशोबाने २१ जानेवारी, आणि १७३२ची २२ जानेवारी ही २ फेब्रुवारी. या दोन तारखा फोनमध्ये काढा, दोन्हीकडे शनिवार मिळेल. तारखा राजे आणि पोप बदलत आले. वारांच्या माळेत मात्र एकही मणी मागेपुढे झाला नाही. पेठेला तारखेपेक्षा वार मानवला तो उगाच नव्हे.

तरीही वाडा वारावरून की पेठेवरून, हा प्रश्न उरतोच. आमच्याकडे तो मुद्दाम सोडवत नाहीत, कारण सुटला तर संध्याकाळी बोलायचे कशावर?

माणसांच्या नावाच्या पेठांची तऱ्हा निराळी. पेशवाईत नवी पेठ वसवणे हे एक रीतसर काम होते. सरकारातून कौल मिळायचा; येऊन राहणाऱ्या वाण्या-उदम्यांना, कारागिरांना काही वर्षे जकातीत, मोहतर्फ्यात सूट मिळायची. मोहतर्फा म्हणजे धंद्यावरचा कर. पेठेवर शेटे आणि महाजन नेमले जायचे. त्यांनी बाहेरून कुळे आणायची, बसवायची, भांडणे मिटवायची. ओसाड माळावर एवढा खटाटोप करणाऱ्या सरदाराला आपले नाव लागावे असे वाटले तर नवल नाही. पण बहुतेकांनी विनयाने देवाचे नाव दिले. नाना फडणविसांनी वसवलेल्या पेठेचे नाव हनुमंत पेठ. सरदार रास्त्यांनी वसवलेल्या पेठेचे नाव शिवपुरी. लोकांनी दोन्ही देवांना बाजूला सारले आणि सरळ नाना पेठ, रास्ता पेठ म्हणायला सुरुवात केली. देवाच्या आड लपलेल्या मालकाला लोकांनी बरोबर ओळखले. रास्त्यांच्या नशिबी मात्र एक जादा थट्टा आली. बाहेरून आलेल्या माणसाला वाटते, रास्ता पेठ म्हणजे रस्त्यांची पेठ. तिथली सकाळची कोंडी पाहिल्यावर, पेठेचे नाव रस्ता असूनही रस्ता कुठे आहे, असा त्याचा प्रामाणिक प्रश्न असतो.

सदाशिव आणि नारायण या शेजारच्या पेठा, आणि दोन्ही नावे जखमेची. सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडले, नारायणराव शनिवारवाड्यात मारले गेले. आज ‘सदाशिव पेठी’ म्हटले की पानिपत कोणाला आठवत नाही. दुपारी एक ते चार बंद असलेले दार, दारावरची पाटी, पाटीवरच्या सूचना आणि सूचनेखालची उपसूचना आठवते. ज्या सेनापतीने लाखाच्या आसपास माणसे घेऊन यमुनेपर्यंत धडक मारली, त्याचे नाव अखेर पाहुण्याला अर्धा कप चहा देणाऱ्या स्वभावाचे विशेषण व्हावे! थट्टेपलीकडचा भाग असा की हे विशेषण एका जातीच्या वस्तीला लागलेले आहे. शनिवार, नारायण, सदाशिव या पश्चिमेच्या पेठा भट-भिक्षुक, कारकून, मुत्सद्दी यांच्या. पूर्वेकडे व्यापारी आणि कारागीर. आणि ज्यांना गावात जागाच नव्हती त्यांचे वाडे कडेला. पेठांची नावे हे सांगत नाहीत. वाराला जात नसते असे मघाशी म्हटले ते नावापुरतेच खरे. पेठेच्या आत शिरून आळ्यांची नावे वाचू लागलात की सगळे समोर येते, कारण आळीचे नाव धंद्यावरून आणि धंदा जातीवरून.

कसब्यात तांबट आळी आहे, शिंपी आळी आहे, कुंभारवाडा आहे, कागदीपुरा आहे. यांतली तांबट आळी अजून कानाने सापडते. पत्ता विचारायची गरज नाही. ठोक्यांच्या दिशेने जावे. पत्र्याला आकार आला की त्यावर हातोडीने ओळीत, एकसारखे ठोके देत जायचे, त्याला मठारकाम म्हणतात. त्याने भांड्याला चमचमणारे खवले येतात, पण ते शोभेसाठीच असतात असे नाही. ठोकण्याने पत्रा कठीण होतो, घागर सहज पोचत नाही. पूर्वी इथून हंडे, घागरी, आंघोळीचे बंब बाहेर पडत. स्टीलने आणि गिझरने ते गिऱ्हाईक नेले. आता तीच मठार शोभेच्या दिव्यांवर आणि हॉटेलातल्या पेल्यांवर येते. नाव आणि धंदा अजून एकमेकांना धरून आहेत, जरी गिऱ्हाईक बदलले. कागदीपुऱ्याचे तसे नाही. दप्तरखान्यांना लागणारा हातकागद करणारे कागदी गेले, गिरणीचा कागद आला, आणि तो पुरा आता नावापुरता कागदी उरला आहे, म्हणजे कागदोपत्री.

सरकारी खात्यांची नावे याहून चिवट निघाली. पेशव्यांचे तंबू, बिछायती, गालिचे सांभाळणारे खाते म्हणजे फरासखाना. आज त्या नावाचे पोलीस ठाणे आहे आणि तिथे बसायला गालिचा मिळत नाही. हुजूरपागा म्हणजे खाशा पेशव्यांच्या घोड्यांची पागा. १८८४मध्ये मुलींची शाळा निघाली, ती या पागेच्या जागी उभी राहिली. शाळेचे मूळ नाव लांबलचक आणि आदरणीय होते, पण गावाने तिला हुजूरपागा म्हटले ते म्हटलेच. पुण्यात पिढ्यान्पिढ्या मुली अभिमानाने सांगत आल्या, ‘मी हुजूरपागेची.’ घोडी म्हटल्याचा राग येणाऱ्या वयात पागेचा अभिमान बाळगणे सोपे नसते. त्यांनी ते करून दाखवले.

राहता राहिला गंज. गंज म्हणजे मालाची वखार, घाऊक बाजार. पुण्यातल्या गंजात मीठ उतरायचे, म्हणून मीठगंज, म्हणून गंज पेठ. याच पेठेत जोतिराव फुले राहिले. याच पेठेतल्या आपल्या घराचा हौद त्यांनी १८६८मध्ये अस्पृश्यांना खुला केला. पेठेला पुढे त्यांचे नाव मिळाले, महात्मा फुले पेठ, आणि ते योग्यच झाले. पण जुनी माणसे अजून गंज पेठ म्हणतात आणि पोलीस चौकी मीठगंजच राहिली. म्हणजे एकाच वस्तीत जन्मलेला माणूस कागदावर महात्म्याचा, घरी गंजातला आणि तक्रार नोंदवायला गेला की मिठाचा.

फुल्यांच्या नावाची दुसरी जागा म्हणजे मंडई. पूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात भरायचा. नगरपालिकेने त्यासाठी शुक्रवार पेठेत मोठी दगडी इमारत बांधायची ठरवली, तेव्हा पालिकेचे सभासद असलेल्या जोतिरावांनी विरोध केला. एवढा पैसा भाजीच्या इमारतीवर घालण्यापेक्षा गोरगरिबांच्या शिक्षणावर घाला, असे त्यांचे म्हणणे होते. ते कोणी ऐकले नाही. १८८६मध्ये मंडई उघडली आणि तिला गव्हर्नराचे नाव मिळाले, रे मार्केट. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना गव्हर्नर उतरला आणि महात्मा फुले चढले. ज्याने बांधू नका म्हटले त्याचेच नाव त्या कळसाखाली लागले. जोतिरावांना हे कळते तर त्यांनी एखादे खरमरीत पत्रक काढले असते, यात मला शंका नाही. मेथीची जुडी घेणाऱ्यांनी मात्र लॉर्ड रे आणि महात्मा दोघांनाही फारसे मनावर घेतलेले नाही. ते पहिल्या दिवसापासून ‘मंडईत जाऊन येतो’ एवढेच सांगून घराबाहेर पडतात.